आजोबा पेंगतात, नात उठून जाते

मावशी, घरात सासरे ७४ वर्षांचे, सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा १२ वर्षांचा आणि मुलगी ८ वर्षांची. रात्री सगळ्यांनी एकत्र बसून कादंबरी ऐकायची, असं मी मोठ्या हौसेनं ठरवलं. सासऱ्यांच्या आवडीची जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घेतली, तर पाचव्या दिवशी मुलं उठून गेली. मग मुलांचं पुस्तक आणलं, तर सासरे खुर्चीतच पेंगायला लागले. मुलं इंग्रजी शाळेत जातात. सगळ्यांना धरून ठेवेल असं काही असतं का, की नाद सोडू?
– एक सून, घोडबंदर रोड, ठाणे

नाद सोडू नकोस, ते जाड पुस्तक सोड. मुलांना इतिहासाचा कंटाळा आला असेल असं मला वाटत नाही. कंटाळा आला तो वाक्यांचा. अशा बऱ्याच कादंबऱ्या डोळ्यांनी वाचायला लिहिलेल्या असतात. वाक्यात चार विशेषणं, दोन समास आणि क्रियापद पार शेवटी. डोळ्याला मागे जाता येतं, कानाला येत नाही. क्रियापद येईपर्यंत तुझी लेक कर्ता विसरलेली असते. तिचं तोंड बघून तू अर्थ सांगायला थांबतेस आणि तिकडे आजोबांची तंद्री मोडते. मुलांच्या पुस्तकाचं उलटं होतं. पुढे काय होणार हे ७४ वर्षांच्या माणसाला दुसऱ्या पानावरच कळलेलं असतं, मग त्यानं जागं राहायचं कशासाठी?

म्हणून पुस्तक घ्यायच्या आधी ते मधूनच उघडायचं आणि एक पान मोठ्यानं वाचायचं. सुरुवातीचं पान नको, ते सगळेच घोटून लिहितात. संवाद वाचताना डोळे मिटून ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळेल का, हे बघ. पानभरात अर्थ सांगायला दोन-तीनदा थांबावं लागलं तर चालतं, सहा-सातदा थांबावं लागलं तर ती शिकवणी झाली. आणि मी सगळ्यात जास्त बघते ते हे, की त्या पानावर असं काही आहे का, जे घरात फक्त आजोबांना किंवा आजीला ठाऊक असेल? मुलांना गोष्ट कळायला हवी आणि म्हाताऱ्या माणसांना तिच्यात भर घालता यायला हवी. नुसतं ऐकायला बसवलेला म्हातारा पेंगणारच.

या कसोटीला उतरलेलं माझ्या घरचं पुस्तक म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ सालची, अंगानं बारीक. औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो, एवढीच सुरुवात. मास्तर स्वतःच गोष्ट सांगतो आणि त्याला गावातलं काहीच माहीत नसतं. म्हणजे तुझ्या मुलांइतकंच. जे त्याला कळतं तेच मुलांना कळतं, मध्ये तू समजावून सांगायची गरज फारशी पडत नाही. वाक्यं तोकडी. कारभारी बोलू लागला की भाषा माणदेशी होते, त्यामुळे मास्तर कुठला आणि गावकरी कुठला हे कानालाच कळतं.

ही माणदेशी मला काही जमेना. मी कारभाऱ्याचं बोलणं ठाण्याच्या बाईसारखं वाचत होते. माझे सासरे आटपाडीकडचे. दोन रात्री त्यांनी सहन केलं, तिसऱ्या रात्री चष्मा पुसत म्हणाले, “आण इकडं.” तेव्हापासून कारभारी त्यांच्याकडे आणि बाकी सगळं माझ्याकडे. गावानं मिळून तालीम बांधायला घेतली तिथे ते वाचायचे थांबले आणि त्यांच्या गावच्या तालमीत हौद्यातली माती कशी मळायचे ते सांगत बसले. त्या रात्री दीड पानच झालं. माझा मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधीच पुस्तक घेऊन हजर.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवते. पुस्तकात आनंदा रामोशी आहे आणि त्याच्या चोऱ्या आहेत. ‘रामोशी म्हणजे चोर का?’ हे मुलं विचारणारच. तो शब्द गाळू नकोस. जात आणि चोरी या वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथेच, गोष्ट थांबवून सांग. आणि शेवट दुष्काळाचा आहे, वस्ती ओस पडते. आठ वर्षांच्या मुलीला ते झोपायच्या वेळी ऐकवू नकोस. शेवटचा भाग रविवारी सकाळी पोह्यांबरोबर वाच, म्हणजे तिला नंतर बोलायला दिवस मिळतो.

माझ्या घड्याळात एक पान वाचायला सुमारे दोन मिनिटं लागतात. रोज पंचवीस मिनिटं धर, प्रश्न आणि आजोबांचे फाटे धरून दहा पानं होतात. म्हणजे दोन-तीन आठवड्यांत पुस्तक हातावेगळं. पाचशे पानांचं घेतलंस तर मध्ये परीक्षा, पाहुणे आणि गणपती येऊन जातात. उद्याची दहा पानं आज लोकलमध्ये मनात वाचून ठेव. बसायला मिळालं तर अडणाऱ्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघही मारता येते. थांबताना प्रकरण संपवू नकोस, कोणीतरी दारात येऊन उभं राहिलं की पुस्तक मीट.

सासऱ्यांना कमी ऐकू येतं का, ते तू लिहिलं नाहीस. येत असेल तर पेंग पुस्तकामुळेच आहे असं धरू नकोस. त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला, उजेड तुझ्या तोंडावर पडेल असं बस आणि पंखा कमी कर. आवाज चढवू नकोस, वेग उतरव. सासूबाईंची मालिका संपल्यावरच सुरू कर, तिच्याशी स्पर्धा करून कोणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही.

पुस्तक लागलंय की नाही हे मी माझ्या सासूबाईंवरून ओळखायचे. त्या विरजण लावायला मधेच उठायच्या. परत येऊन ‘काय झालं गं मधे?’ असं विचारलं तर पुस्तक बरोबर. न विचारता लसूण सोलायला घेतला, आणि हे सलग चार रात्री झालं, तर पुस्तक परत. म्हणूनच आधी विकत घेऊ नकोस. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून पुस्तकं देतंय, तिथून आण, तिथेच उभ्यानं मधलं पान वाचून बघ.

खेड्यातलं आयुष्य तुझ्या मुलांना अगदीच परकं वाटलं तर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ घे. ती कादंबरी नाही, पण एकाच मुलाच्या, लंपनच्या कथा आहेत आणि तो आजी-आजोबांकडे राहतो. तुझ्या मुलाला तो लगेच दोस्त वाटेल. वाक्यं मात्र लांब धावतात, दम पुरवून वाचावं लागतं. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ सासूबाई सुचवतीलच. तिची प्रकरणंच ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी ४२ रात्रींची आहेत, श्याम रोज रात्री गोष्ट सांगतो म्हणून. एका बैठकीला एक रात्र नेमकी बसते. पण सलग वाचू नकोस. रोज रात्री घरभर डोळे पुसणं चाललं की मुलं पळ काढतात. दोन पुस्तकांच्या मध्ये तिच्यातल्या चार-पाच रात्री घे, आणि कुठल्या घ्यायच्या ते सासूबाईंना निवडू दे.