मोडी कागदावरच्या भोकांबद्दल

प्रिय,

तू पाठवलेलं लिप्यंतर वाचलं. मोडी वाचन छान जमायला लागलंय, पण तिसऱ्या ओळीत तू सरळ "सलास सबैन मया व अलफ" लिहिलंयस आणि फोटोत तिथे मला भोक दिसतंय. म्हणून आज फक्त त्याबद्दलच लिहितो.

हे अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेलं शुहूर सनाचं साल आहे. सलास म्हणजे ३, मया १००, अलफ १०००, आणि मधला दशकाचा शब्द किड्याने खाल्लाय. उरलाय काय, तर सुरुवातीचा स आणि शेवटचा न. आता स ने सुरू होऊन न ने संपणारे दशक बघ, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, आणि सलासीन ३० पण आहेच. म्हणजे साल ११३३ असू शकतं, ११६३, ११७३ किंवा ११८३ सुद्धा, इसवीत १७३२-३३ की १७६२-६३ की १७७२-७३ की १७८२-८३. एवढ्याशा भोकात पन्नास वर्षं मावतात!

आधी भोक मोज. त्याच कारकुनाच्या हातची त्याच कागदावरची अक्षरं घे, दहा अक्षरांना किती मिलिमीटर लागतात ते बघ आणि त्यावरून भोकात किती अक्षरं बसतील ते काढ. मी फोटोवर मोजलं तर जेमतेम एक बसतंय. समानीनला "मानी" अशी दोन लागतील, सलासीनलाही दोन, म्हणून ते दोन्ही गेले. पण तै आणि बै सारख्याच रुंदीचे, वरच्या मात्रा शिरोरेघेसकट गेल्यात, आणि मोडीत वेलांटी अक्षराच्या उजवीकडे येते त्यामुळे सि ची वेलांटी असलीच तर तीही भोकात गेली. मग सितैन की सबैन हे कागद सांगत नाही. तू म्हणशील पत्रात माधवराव पेशव्यांचं नाव आहे, त्यावरून काढू, पण ते गेले १७७२ च्या नोव्हेंबरात, पत्राचा महिना रजब, आणि त्या वर्षी रजब सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, म्हणजे दोन्ही सालं अजून उभीच आहेत.

म्हणून असं लिही: सलास स[.]न मया व अलफ. चौकटी कंसातला एक टिंब म्हणजे एक गेलेलं अक्षर. खाली टीप दे की "भोक, सुमारे एका अक्षराचं, सितैन किंवा सबैन". तुझा अंदाज टिपेत राहू दे, ओळीत नको, कारण ओळ पुढे कुणीतरी कॉपी करतं आणि टीप मागे राहते, मग तुझा अंदाज पुराव्यासारखा फिरायला लागतो. मी स्वतः एकदा असं साल भरलं होतं, त्याच रुमालातला, म्हणजे कागदांच्या कापडी गठ्ठ्यातला, जोडकागद सापडल्यावर दहा वर्षं चुकल्याचं कळलं, तोवर ते दोन लेखांत जाऊन बसलं होतं. फार वाईट वाटलं तेव्हा.

किती अक्षरं गेली तेच कळत नसेल, म्हणजे वाळवीने कडाच खाल्लीय वगैरे, तर टिंबं मोजून टाकू नकोस, [---] एवढंच कर. अक्षर अर्धं दिसतंय आणि वाटतंय बै, तर (बै?). युरोपातले शिलालेखवाले १९३१ पासून शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात, पण देवनागरीत ते नुक्त्यासारखं दिसतं, म्हणून आपण प्रश्नचिन्हच वापरू.

आणि फोटो काढताना कागदाखाली फिकट पिवळा कोरा कागद सरकवत जा. नाहीतर भोकातून खालच्या पत्राचं अक्षर डोकावतं आणि ते याच ओळीतलं वाटतं, अगदी व्यवस्थित बसल्यासारखं.

चहाच्या कपाचं वर्तुळ भोकापेक्षा बरं. काजळीची शाई बहुतेक वेळा डागाखाली जिवंत असते. फोटोचा फक्त लाल चॅनल बघ, तपकिरी डाग फिका पडतो आणि काळी शाई काळीच राहते. वर्तुळाच्या कडेला मात्र शाई ओली होऊन फिसकटलेली असू शकते, तिथे अक्षर गेलेलं नाही, वाचता येत नाहीये, म्हणून [.] नको. "अवाच्य, डाग" अशी टीप दे. उद्या कुणी चांगल्या कॅमेऱ्याने वाचेल, त्याला कळायला हवं की इथे प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

बुरशीचे काळे ठिपके अनुस्वारासारखे दिसतात हे तर तुला माहितीच झालंय, सातव्या ओळीत दोन अनुस्वार तू दिलेस ते मला ठिपकेच वाटतायत. समासातल्या कोऱ्या जागेत तसेच ठिपके आहेत का बघ, कागद उलटून मागे उमटलेत का बघ. दोन्हीकडे असतील तर अनुस्वार काढ. बुरशी अजून कापसासारखी मऊ असेल तर झटकू नकोस, मास्क लाव आणि तो कागद रुमालातून वेगळा ठेव.

तिसरी आणि सातवी ओळ दुरुस्त करून पाठव, सोबत भोकाचा जवळून काढलेला फोटो, पट्टी शेजारी ठेवून.

तुझा,
काका