ज्येष्ठांना एकाच अटीतून सूट द्यायची असेल, तर नियम कसा लिहावा?

प्रश्न: आमच्या संस्थेच्या अर्थसाहाय्य योजनेत ज्येष्ठांना फक्त मुलाखतीतून सूट द्यायची आहे, पण शंका आली तर समितीला मुलाखत घेता यावी. मसुदा असा आहे: 'अर्जदाराने उत्पन्नाचा दाखला द्यावा, शिफारसपत्र जोडावे व मुलाखतीस हजर राहावे. मात्र ६० वर्षांवरील अर्जदारांना ही अट लागू नाही. समितीचा निर्णय अंतिम राहील.' यात काही अडेल का?

उत्तर: अडेल, आणि पहिल्याच ज्येष्ठ अर्जाला. 'ही अट' म्हणजे नुसती मुलाखत, की तिन्ही गोष्टी? दाखला न जोडणारा अर्जदार दुसरा अर्थ लावेल आणि त्याला चूक ठरवायला तुमच्या मसुद्यात काहीच नाही. म्हणून सूट देताना सर्वनाम नको, अटीचा क्रमांक लिहा.

वयाचा घोळ याहून चिवट आहे. '६० वर्षांवरील'मध्ये साठ वर्षे तीन महिन्यांचा माणूस येतो की ६१ पूर्ण लागतात? आणि वय मोजायचे कोणत्या दिवशी? समजा, अर्ज १० जूनला आला, साठावा वाढदिवस २० जूनला आणि अर्जाची मुदत ३० जूनपर्यंत. अर्जाच्या तारखेला सूट नाही, मुदतीच्या तारखेला आहे. मी मुदतीचा शेवटचा दिवस धरेन, कारण तो सगळ्यांना सारखा आणि आधीच ठाऊक असतो.

'निर्णय अंतिम' या शब्दांनी समितीला मुलाखतीला बोलावण्याचा अधिकार मिळत नाही. तो वेगळा द्यावा लागतो. मी असे लिहीन:

१. नियम २ च्या अधीन राहून, प्रत्येक अर्जदाराने (क) उत्पन्नाचा दाखला द्यावा, (ख) शिफारसपत्र जोडावे आणि (ग) मुलाखतीस हजर राहावे.

२. अर्जाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी किंवा त्यापूर्वी ज्यांना ६० वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यांना नियम १(ग) लागू नाही. १(क) व १(ख) त्यांनाही लागू आहेत.

३. नियम २ मध्ये काहीही म्हटले असले, तरी कागदपत्रांत विसंगती आढळल्यास समिती अशा अर्जदारास लेखी कारण कळवून मुलाखतीस बोलावू शकेल. बोलावल्यावर त्याला नियम १(ग) लागू होईल.

नियम ३ चे शेवटचे वाक्य गाळू नका. ते नसेल तर बोलावूनही न आलेल्या ज्येष्ठाचा अर्ज फेटाळता येणार नाही, त्याची सूट तशीच शाबूत राहील. तसेच तिथे 'नियम २ मध्ये' याऐवजी 'या नियमांमध्ये काहीही म्हटले असले तरी' असे भारदस्त लिहिण्याचा मोह होतो. तसे लिहिले तर उद्या दुसऱ्या एखाद्या सवलतीतही हेच शब्द येतात आणि दोन्ही नियम एकमेकांवर कुरघोडी करू लागतात. कोण कोणावर मात करतो हे क्रमांकानेच सांगितलेले बरे.

मसुदा पक्का करण्यापूर्वी तो न लिहिलेल्या दोघांना वेगवेगळे बसवा आणि चार काल्पनिक अर्ज द्या: ५९ वर्षांचा, मुदतीच्या दिवशीच साठ पूर्ण होणारा, दाखला नसलेला ज्येष्ठ आणि बोलावूनही न आलेला ज्येष्ठ. दोघांची उत्तरे जिथे जुळणार नाहीत, ते वाक्य पुन्हा लिहा.