तीन सळ्यांची बीम

प्रिय मित्रा,

तुझी 6 मीटर गाळ्याची बीम पाहिली. खाली 12 मिमीच्या तीनच सळ्या आल्या, म्हणून खूश होऊ नकोस. ड्रॉइंग आज साइटवर पाठवू नकोस.

आधी कागदावर पाहा. गुणकासह भार मीटरला 30 किलोन्यूटन आहे. दोन्ही टोकं विटांच्या भिंतीवर नुसती टेकलेली आहेत, त्यामुळे मध्यावरचा मोमेंट wL²/8, म्हणजे 135 किलोन्यूटन-मीटर यायला हवा. तुझ्या सॉफ्टवेअरच्या आउटपुटमध्ये 45 आहे. बरोबर तिसरा हिस्सा! असं नेमकं गुणोत्तर दिसलं की कारण बहुतेक एकच असतं: wL²/24, म्हणजे टोकं फिक्स्ड धरली गेली. सपोर्ट उघडून बघ, टोकांना 90 चा मोमेंटही दिसेल. विटांची भिंत तो घेणार नाही, आणि मग सगळा भार मध्यावरच्या सळ्यांवर येईल.

गंमत म्हणजे रिअॅक्शन दोन्ही वेळा 90 किलोन्यूटनच येते. म्हणून 'भाराची बेरीज जुळली' एवढ्यावर ही चूक सापडत नाही, मोमेंटच तपासावा लागतो.

सपोर्ट पिन्ड करून पुन्हा चालव. 230 बाय 500 च्या बीमला, एम25 काँक्रीट आणि 500 ग्रेडच्या सळईत, साधारण 795 चौ. मिमी पोलाद लागेल, म्हणजे 16 मिमीच्या चार सळ्या. तुझ्या तीन सळ्या भरतात 339.

कापलेली सळई साइटवरून परत येत नाही. हाताने केलेलं गणित फाइलला लाव, मग सही करतो.