बजेट आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक: कॉमेंटरीत नक्की काय लिहायचं?

प्रश्न: कंपनीत दर महिन्याला एमआयएससोबत व्हेरियन्स कॉमेंटरी लिहावी लागते. मी "उत्पादन वाढल्यामुळे वीजखर्च वाढला" असं लिहितो आणि सर "कारण लिही" म्हणून परत पाठवतात. हेच कारण आहे ना? अजून काय लिहायचं असतं?

उत्तर:

कारण आहे, पण किती रुपयांचं? ते तुमच्या वाक्यात नाही, म्हणून परत येतं. उत्पादन 10 टक्के वाढलं आणि वीजखर्च 20 टक्के वाढला, तर तुमचं वाक्य निम्म्याच वाढीबद्दल बोलतं. उरलेल्या निम्म्यावर त्याचं पांघरूण पडतं, आणि सरांना नेमकं तेच बघायचं असतं.

मी बरीच वर्षं कारखान्यांच्या अकाउंट्समध्ये आहे, म्हणून विजेचंच उदाहरण घेतो. आकडे सोपे केले आहेत. डिमांड चार्ज मुद्दाम बाहेर ठेवला आहे, कारण तो उत्पादनाबरोबर हलत नाही आणि त्याची ओळ वेगळीच लिहावी.

समजा, सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. बजेटमध्ये महिन्याला 1,00,000 नग, नगामागे 2 युनिट आणि युनिटला 9 रुपये धरले होते, म्हणजे 18,00,000 रुपये. प्रत्यक्षात 1,10,000 नग निघाले, 2,31,000 युनिट लागले आणि युनिटचा दर 9.40 रुपये पडला. बिल 21,71,400 रुपये. फरक 3,71,400 रुपयांचा.

पेन उचलण्याआधी या फरकाचे तुकडे करा. पहिला तुकडा उत्पादनाचा: जास्तीच्या 10,000 नगांना बजेटच्याच हिशेबाने 20,000 युनिट लागायला हवेत, त्याचे 1,80,000 रुपये. दुसरा वापराचा: 1,10,000 नगांना 2,20,000 युनिट पुरायला हवे होते, लागले 11,000 जास्त, त्याचे 99,000. तिसरा दराचा: सगळ्या 2,31,000 युनिटांवर 40 पैसे, म्हणजे 92,400. तिन्हींची बेरीज बरोबर 3,71,400 येते. बेरीज जुळत नसेल तर लिहायला बसूच नका.

आता दिसतं की "उत्पादन वाढलं" या कारणाखाली अर्ध्याहून कमी रक्कम येते. शिवाय ते 1,80,000 काळजीचे नाहीत, माल जास्त निघाला आणि विकला गेला तर विक्रीतून भरून निघतील. दराचा तुकडा बिलावरच दिसतो. इंधन समायोजन आकार वाढला असेल तर तसं लिहा आणि तो बजेटमध्ये किती धरला होता तेही लिहा. खरं काम आहे ते मधल्या 99,000 चं.

इथे बहुतेक जण टेबलावर बसूनच "मशीन जुनी झाली आहेत" असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका, मेंटेनन्सला विचारा. पण "वीज का वाढली?" असं विचारलंत तर तेही "प्रॉडक्शन वाढलंय साहेब" म्हणतील. आकडा घेऊन जा: नगामागे 2 ऐवजी 2.1 युनिट का लागले?

आणि जाण्याआधी बिल नीट वाचा. महाराष्ट्रात 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचं बिलिंग केव्हीएएचवर होतं, नुसत्या केडब्ल्यूएचवर नाही. केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष कामाला आलेली वीज, केव्हीएएच म्हणजे लाइनमधून ओढलेली एकूण, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागलं की पॉवर फॅक्टर निघतो. पूर्वी पॉवर फॅक्टर घसरला की दंड वेगळ्या ओळीत दिसायचा. आता तो युनिटांच्या आकड्यातच मिसळून येतो, त्यामुळे वापर वाढल्यासारखा भासतो. आपल्या उदाहरणात समजा बिलावर पॉवर फॅक्टर 0.95 आहे आणि बजेट करताना तो 0.995 होता. 2,31,000 ला 0.95 ने गुणलं की केडब्ल्यूएच निघतात 2,19,450, म्हणजे नगामागे 1.995. बजेटमध्ये हाच आकडा 1.99 होता. मशीन जवळपास तेवढीच वीज खाताहेत! पॉवर फॅक्टर 0.995 राहिला असता तर युनिट सुमारे 2,20,550 झाले असते. म्हणजे जादाच्या 11,000 पैकी सुमारे 10,450 युनिट, 9 रुपयांच्या दराने साधारण 94,000 रुपये, पॉवर फॅक्टरमुळे गेले. आता मेंटेनन्सला प्रश्न सोपा आहे: पॉवर फॅक्टर सांभाळणाऱ्या कपॅसिटर पॅनेलला काय झालंय? समजा उत्तर मिळालं की दोन कपॅसिटर बँक बंद पडल्या आहेत. "मशीन जुनी झाली" असं लिहिलं असतं तर कोणीतरी नव्या मशीनचा प्रस्ताव मांडला असता आणि पॅनेल तसंच राहिलं असतं.

मी परिच्छेद असा लिहीन:

> वीजखर्च बजेटपेक्षा 3.71 लाख रुपयांनी जास्त आहे. त्यातले 1.80 लाख 10,000 नग जास्त बनवल्यामुळे. 0.92 लाख इंधन समायोजन आकार युनिटमागे 40 पैशांनी वाढल्यामुळे. तो बजेटमध्ये धरलेला नव्हता आणि पुढच्या महिन्यात किती राहील हे बिल आल्यावर कळेल. सुमारे 0.94 लाख पॉवर फॅक्टर 0.995 वरून 0.95 वर आल्यामुळे. दोन कपॅसिटर बँक बंद आहेत, मेंटेनन्सने 20 तारखेपर्यंत बदलण्याचं सांगितलं आहे, तोपर्यंत हा जादा खर्च चालू राहील. उरलेल्या 0.05 लाखांचं कारण सापडलेलं नाही.

शेवटचं वाक्य लिहायला लोक घाबरतात. लिहा. पाच हजारांसाठी कोणी रागावत नाही, पण ते भलत्या कारणात कोंबले की पुढच्या महिन्यात त्याच कारणाचा आकडा जुळत नाही. उरलेली रक्कम मोठी असेल तर मात्र शोध अजून संपलेला नाही.

स्वतःचं कारण तपासायची एक युक्ती सांगतो. "उत्पादन 10 टक्के वाढलं" हे खरं असेल तर पॅकिंग आणि कटिंग ऑइलसुद्धा त्याच सुमारास वाढलेलं दिसायला हवं. ते जागच्या जागी असेल तर एक तर उत्पादनाचा आकडा तपासा, नाहीतर तिकडची बिलं यायची राहिली आहेत.

कमी फरक दिसला म्हणून ओळ सोडून देऊ नका. दुरुस्तीखर्च बजेटपेक्षा फक्त 10,000 ने कमी आहे, सगळे खूश. आत बघावं तर कॉम्प्रेसरच्या वार्षिक सर्व्हिसचे 2,40,000 लागलेच नाहीत आणि एका प्रेसच्या अचानक दुरुस्तीवर 2,30,000 गेले. इथे "खर्च बजेटनुसार" हे वाक्य आकड्याने बरोबर आणि अर्थाने खोटं आहे. दोन्ही रकमा लिहा. सर्व्हिस पुढच्या महिन्यात होणार असेल तर ती बचत नाही, खर्च पुढे गेला आहे आणि वर्षाअखेर दुरुस्तीखर्च 2,30,000 ने जास्तच दिसणार, हेही लिहा. सर्व्हिस होऊन गेली आणि फक्त बिल आलं नाही, असं असेल तर कॉमेंटरी लिहू नका. महिना बंद करण्याआधी प्रोव्हिजनची एंट्री टाका, मग जो फरक उरेल त्याबद्दल लिहा.