जादा कामाला नकार कसा द्यावा?

«माझी मुलगी एका कंपनीच्या लेखा विभागात दोन वर्षांपासून नोकरी करते. तिचे साहेब एकामागून एक जादा कामे देतात आणि ती रात्री उशिरापर्यंत बसून ती पूर्ण करते. सुरुवातीच्या वर्षांत कोणत्याही कामाला नाही म्हणू नये, असे मी तिला सांगत आलो आहे. आता ती नोकरी सोडून एमबीएची प्रवेश परीक्षा द्यायची म्हणते. तिने काय करावे? मी तिच्या साहेबांशी बोलू का? – एक पालक»

साहेबांशी तुम्ही बोलू नका. वडिलांचा फोन आला की त्या कार्यालयात तुमच्या मुलीकडे जबाबदार कर्मचारी म्हणून पाहणे थांबेल आणि तिने दोन वर्षांत मिळवलेला विश्वास दोन मिनिटांत जाईल. त्याहून अधिक चिंता मला तुमच्या उपदेशाची वाटते. तिच्या रात्रींना केवळ साहेब जबाबदार नाहीत. ‘नाही म्हणू नये’ हे घरातून ऐकत वाढलेली मुलगी वरिष्ठांसमोर तोंड उघडण्याआधीच हरलेली असते, आणि मग तिला दोनच वाटा दिसतात, निमूटपणे सोसणे किंवा राजीनामा देणे. तुमच्या पत्रात या दोन वाटाच आहेत. मधली वाट तिला कोणी दाखवलेली नाही, म्हणून यापुढचा मजकूर कृपया तिला वाचायला द्या.

बहुतेक नवे कर्मचारी एक गोष्ट गृहीत धरतात: आपल्याकडे किती काम आहे हे साहेबांना माहीत आहे आणि तरीही ते आणखी देत आहेत. प्रत्यक्षात साहेबांना त्यांनी स्वतः दिलेली कामे आठवतात, आणि तीही दिली तेव्हा जेवढी वाटली तेवढीच. दुसऱ्या विभागाने परस्पर मागितलेली माहिती, परत आलेल्या बिलांची फेरतपासणी, नव्या सहकाऱ्याला शिकवण्यात गेलेला वेळ यांपैकी काहीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय जो माणूस रात्री बसून सगळे वेळेत देतो, त्याच्याकडे पाहून कोणालाही वाटते की याच्याकडे अजून जागा आहे. म्हणजे न बोलता केलेले जागरण हेच पुढच्या जादा कामाचे निमंत्रण ठरते. यात साहेबांचा दुष्टावा असेलच असे नाही, बऱ्याचदा ते केवळ अज्ञान असते.

म्हणून नकाराची तयारी वाक्यांपासून नव्हे, तासांपासून सुरू होते. समजा, आठवड्याचे कामाचे तास 40 आहेत. त्यांपैकी बैठका, ईमेल आणि इतरांच्या शंका यांत 8 तास जातात, त्यामुळे हातात 32 राहतात. या आठवड्यात बँकेच्या नोंदींचा ताळमेळ 10 तासांचा, पुरवठादारांची बिले तपासून पेमेंटला पाठवणे 12 तासांचे आणि जुन्या थकबाकीची यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरणे 8 तासांचे आहे. एकूण 30 तास झाले. सोमवारी सकाळी साहेब म्हणतात, ‘सहा महिन्यांचा विभागवार खर्चाचा अहवाल शुक्रवारपर्यंत हवा.’ अहवालाला 10 तास लागतील आणि शिल्लक आहेत 2, म्हणजे 8 तासांची तूट आहे. हे आकडे मागच्या महिन्यात त्या कामांना खरोखर किती वेळ लागला यावरून काढावेत, अंदाजाने नव्हे. पहिल्यांदाच करायच्या कामात तपासणी आणि दुरुस्तीचा वेळ धरायचा राहून जातो आणि तिथेच हिशेब फसतो.

तूट दिसली तरी लगेच ‘जमणार नाही’ म्हणू नये. आधी विचारावे की अहवाल कोणाला आणि कशासाठी हवा आहे, आणि शुक्रवारी तो कोणत्या स्वरूपात पुढे जाणार आहे. अनेकदा असे निघते की शुक्रवारच्या बैठकीत फक्त एकूण आकडे दाखवायचे आहेत. कधी असेही कळते की शुक्रवार ही तारीख साहेबांनी खबरदारी म्हणून सांगितली होती आणि खरी गरज पुढच्या आठवड्यातली आहे. या दोन-तीन प्रश्नांनीच निम्मे काम गळून पडू शकते.

उत्तर मिळाल्यावर असे बोलावे: ‘या आठवड्यात ताळमेळ, बिले आणि थकबाकीची यादी मिळून माझे 30 तास भरले आहेत, आणि अहवालाला 10 लागतील. तो पूर्ण स्वरूपात शुक्रवारी हवा असेल तर थकबाकीची यादी पुढच्या आठवड्यावर ढकलावी लागेल. यादी या आठवड्यातच हवी असेल तर शुक्रवारी मी दोन तासांत होईल एवढा, म्हणजे फक्त विभागवार बेरजांचा तक्ता देऊ शकते आणि फरकांच्या स्पष्टीकरणासह पूर्ण अहवाल पुढच्या बुधवारी देते. आपल्याला कोणते सोयीचे आहे?’ या बोलण्यात ‘मी दमले आहे’ कुठेही नाही. ते खरे असले तरी त्यावर साहेब फक्त धीर देऊ शकतात. तासांचा हिशेब समोर आला की मात्र त्यांना निवड करावी लागते, आणि ती निवड करणे हे त्यांचेच काम आहे. कोणते काम मागे पडेल हे प्रत्येक पर्यायात उघडपणे सांगितलेले आहे, हेही लक्षात घ्यावे. किंमत न सांगता दिलेला पर्याय नंतर अंगाशी येतो.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. ‘हे काम अमुक सहकाऱ्याला द्या’ असा पर्याय त्या सहकाऱ्याला न विचारता सुचवू नये. ती आपल्या डोक्यावरची पाटी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे ठरते आणि ऑफिसातले संबंध त्यातूनच बिघडतात. बिले तपासायला आणखी कोणाची मदत मिळू शकेल का, एवढेच विचारावे आणि कोणाची ते साहेबांना ठरवू द्यावे. जे ठरेल ते त्याच दिवशी तीन ओळींच्या ईमेलने कळवावे: काय आधी, काय नंतर, कोणत्या तारखेला. थकबाकीच्या यादीची वाट पाहणाऱ्यांना बदललेली तारीख कळवणेही त्यातच आले.

यावर साहेब ‘दोन्ही करा’ म्हणाले तर वाद घालू नये, क्रम विचारावा: ‘वेळ कमी पडला तर आधी कोणते पूर्ण करू?’ याचे उत्तर बहुतेक वेळा मिळते, आणि ते मिळणे म्हणजेच पर्याय मान्य होणे असते. अचानक उद्भवलेल्या खऱ्या अडचणीत एखादी रात्र बसावे लागले तर बसावे, तिथे हिशेब मांडणे शोभत नाही. मात्र दर आठवड्यालाच अडचण उद्भवत असेल तर ती अडचण राहिलेली नसून कामाची रीत झालेली असते. तेव्हा मागच्या दोन महिन्यांचे असे ईमेल एकत्र घेऊन कामाच्या वाटपावर स्वतंत्र वेळ मागावा. पद्धत चालू लागली की फरक जाणवतो, कारण नवे काम देण्यापूर्वी साहेब ‘हातात सध्या काय आहे?’ असे विचारू लागतात.

एमबीएची प्रवेश परीक्षा तिला शिकायचे असेल तर अवश्य द्यावी, पण साहेबांपासून सुटका म्हणून देऊ नये, कारण पदवीनंतरच्या नोकरीतही साहेब असणारच. दोन-तीन महिनाअखेरींना वरील पद्धत वापरून पाहावी. तरीही क्रम सांगायला साहेब दरवेळी नकार देत असतील आणि लेखी हिशेबालाही उत्तर येत नसेल, तर तिने दुसरी नोकरी शोधायला हरकत नाही, आणि तेव्हा तुम्ही तिला अडवू नये.