मुरघासाच्या पिशवीला बुरशी

प्रश्न: मक्याच्या मुरघासाची पिशवी उघडली, तर तोंडाशी पांढरी बुरशी. सगळाच फेकायचा का?

बुरशी फक्त तोंडाशी असेल, तर ती भोवतीच्या वीतभर थरासह काढून पुरावी; खालचा मुरघास पिवळसर हिरवा, हाताला थंड आणि आंबूस वासाचा असेल, तर तो चालतो. मात्र तो काळपट, चिकट किंवा कुजक्या वासाचा असेल, तर कोणत्याच जनावराला, विशेषतः गाभण गाईला, देऊ नये. दोष बहुधा भरतानाचा असतो: दाणा पूर्ण टणक झाल्यावर कापलेला मका नीट दबत नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. म्हणून दाणा निम्मा चिकाचा असतानाच कापून, बारीक कुट्टी तुडवत भरावी. खानदेशातील मे महिन्याच्या उन्हात उघडी पिशवी लवकर तापते. रोज वरचा थर सपाट काढून तोंड घट्ट बांधावे.