‘ॲप’चे दोन अवतार

मराठी भाषांतराची शैलीपुस्तिका लिहायला घेतलीस, तर सुरुवात ऱ्हस्व-दीर्घापासून करू नकोस. ते नियम छापील मिळतात. आधी ‘ॲ’ बघ. हे अक्षर दोन प्रकारे टंकलं जातं: एकसंध चिन्ह, युनिकोड क्रमांक U+0972, किंवा ‘अ’ला (U+0905) चंद्र (U+0945) जोडून. पडद्यावर बहुधा दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. आमच्या एका कामात ‘ॲप’ सगळीकडे बदलून ‘अनुप्रयोग’ करायचं होतं. शोधून बदललं आणि निम्मे तसेच राहिले, कारण काम करणाऱ्या दोघा भाषांतरकारांचे कीबोर्ड वेगळे होते. आधीची भाषांतरं साठवणाऱ्या भाषांतर-स्मृतीतही जुनी वाक्यं पूर्ण जुळेनात. म्हणून पुस्तिकेत नुसतं ‘ॲ’ लिहून भागत नाही, U+0972 हा क्रमांकही लिही आणि काम सोपवण्यापूर्वी U+0905 U+0945 ही जोडी शोधायला सांग.

अंकांचं सोपं आहे: मजकुरात देवनागरी, स्वल्पविराम भारतीय पद्धतीने, म्हणजे १,५०,०००. आवृत्ती क्रमांक आणि आज्ञा मात्र मुळाप्रमाणे, कारण वापरकर्ता त्या जशाच्या तशा टंकतो. वाक्याअंती पूर्णविराम. हिंदीतून आलेल्या फायलींत दंड (।) हमखास राहून जातो, तोही शोधायच्या यादीत टाक.